अँटी-डम्पिंग चौकशी सुरू झाली आहे, आयातदाराने कुठे आणि कसा विरोध नोंदवायचा? (मदत हवी आहे)

वसईवाला: आम्ही चीनमधून पॅकेजिंगची एक फिल्म आणतो, वर्षाला साधारण 200 टन. वाणिज्य मंत्रालयाच्या डीजीटीआरने गेल्या आठवड्यात या फिल्मवर अँटी-डम्पिंग चौकशीची नोटीस काढली. अर्ज इथल्या दोन उत्पादकांचा आहे. आमची 12 मायक्रॉनची ग्रेड मात्र ते बनवतच नाहीत. ड्युटी लागेपर्यंत थांबावं की आत्ताच काही करावं?

दलालपुत्र: आत्ता डोकं लावू नका. ड्युटी लागली की बिल ऑफ एंट्रीला 'अंडर प्रोटेस्ट' भरा आणि कमिशनर अपील्सकडे जा. आम्ही सगळं असंच करतो.

रेषाबाई: दलालपुत्र, तुमचा मार्ग आहे, पण फार थोड्या कामाचा. तुमचा माल अधिसूचनेतल्या वर्णनात बसतो की नाही, एवढाच वाद तिथे चालतो. डम्पिंग झालं का, नुकसान झालं का, दर किती, हे कस्टम्सच्या हातात नाही.

वसईवाला, थांबू नका. नोटिशीत साधारण 30 दिवसांची मुदत असते, ती आधी पाहा. त्यात इच्छुक पक्ष म्हणून नाव नोंदवा आणि आयातदाराची प्रश्नावली भरा. फिल्म स्वतःच वापरत असाल तर वापरकर्त्याचीही भरा. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती द्याव्या लागतात, गोपनीय आणि अगोपनीय. अगोपनीय प्रतीत आकडे झाकले तरी त्यांचा सारांश किंवा निर्देशांक हवा. नुसते काळे पट्टे मारले तर ती माहिती विचारात न घेण्याची मुभा त्यांना मिळते, आणि बरेच लोक इथेच अडकतात.

ग्रेड वगळून घेणं हा तुमचा खरा मुद्दा. 'ते बनवत नाहीत' असं नुसतं लिहून भागत नाही. दोन्ही उत्पादकांना स्पेसिफिकेशन आणि हवी ती मात्रा लिहून आजच कोटेशन मागा. नकार आला किंवा 15 मायक्रॉनचा पर्याय आला, तर तो ईमेल हाच तुमचा पुरावा. सोबत चाचणी अहवाल आणि 15 मायक्रॉन तुमच्या मशीनवर का चालत नाही याचं कारण जोडा. त्यांनी एखादी व्यावसायिक विक्री दाखवली तर मात्र तुमचा दावा ढिला पडेल.

वसईवाला: दर कसा ठरतो? पुरवठादाराला यात ओढावं का?

रेषाबाई: ओढाच. आधी हिशेब, आकडे फक्त समजण्यापुरते. चीनमध्ये फॅक्टरी दरात सामान्य मूल्य, म्हणजे तिथल्या बाजारातली किंमत, टनाला 1,300 डॉलर आणि निर्यात किंमत 1,000, म्हणजे डम्पिंगचा फरक 300. आता भारतात मूळ सीमाशुल्क वगैरे धरून माल 1,140 ला उतरतो आणि देशी उद्योगाला न दुखावणारी किंमत 1,240 ठरली, म्हणजे नुकसानीचा फरक 100. दोन्हींत जो कमी तो घेतात, म्हणून ड्युटी 100. वाद घालायची जागा म्हणजे ती 1,240.

दर उत्पादकावार ठरतो. तुमच्या उत्पादकाने निर्यातदाराची प्रश्नावली भरली नाही, तर तो अधिसूचनेच्या तक्त्यात 'इतर कोणीही' या ओळीत जातो आणि तिथे दर बहुधा सगळ्यात चढा असतो. माल हाँगकाँगच्या व्यापाऱ्यामार्फत येत असेल तर त्याचीही माहिती जायला हवी. मालाची साखळी तक्त्यातल्या नावांशी जुळली नाही की कस्टम्स सरळ चढा दर लावतं.

कळंबोली_स्टील: माझीही केस घ्या. 21 एप्रिल 2025 ला पत्र्यावर 12 टक्के तात्पुरती सेफगार्ड ड्युटी 200 दिवसांसाठी लागली. माझा करार फेब्रुवारीचा आणि माल कोरियाचा. मुक्त व्यापार करारात तर शून्य शुल्क होतं ना?

रेषाबाई: त्या करारातून मूळ सीमाशुल्काची सवलत मिळते, सेफगार्ड हे वेगळं शुल्क. कराराची तारीखही कामाची नाही, बिल ऑफ एंट्रीचा दिवस पाहतात. तुमच्यासाठी महत्त्वाची आहे ती किंमत. त्या अधिसूचनेत हॉट रोल्ड कॉइल टनाला 675 डॉलर सीआयएफ किंवा त्याहून महाग असेल तर ड्युटी नव्हती, म्हणून आधी बीजक तपासा. सेफगार्डमध्ये डम्पिंग सिद्ध करावंच लागत नाही, त्यामुळे 'आमचा माल स्वस्त टाकलेला नाही' हा बचाव तिथे चालत नाही. आयात अचानक वाढली का आणि गंभीर इजा त्यामुळेच झाली का, यावर बोला.

दलालपुत्र: आणि शेवटी ड्युटी लागलीच तर? हायकोर्ट?

रेषाबाई: आधी सुनावणी होते, मग डिस्क्लोजर स्टेटमेंट येतं, म्हणजे निष्कर्षासाठी विचारात घेतलेली मुख्य तथ्यं. त्यावर उत्तर द्यायला मुदत अगदी थोडी असते, पण तोंडी मांडलेलं लेखी दिलंय का, हे बघायची ती शेवटची संधी. त्यानंतर अंतिम निष्कर्ष, तोही शिफारसच, आणि त्यावर अर्थ मंत्रालयाची अधिसूचना. अपील कस्टम्स टॅरिफ कायद्याच्या कलम 9सी खाली सेस्टॅट या अपील न्यायाधिकरणाकडे, 90 दिवसांत, फी 15,000 रुपये. चौकशीत न दिलेला पुरावा तिथे पहिल्यांदा काढला तर अवघड जातं. हायकोर्ट बहुधा आधी सेस्टॅटकडे जा म्हणेल. आणि अपील केलं म्हणून वसुली आपोआप थांबत नाही.

वसईवाला: पुरवठादार म्हणतो, त्याच्या खर्चाचे आकडे तो मला दाखवणार नाही.

रेषाबाई: तुम्हाला दाखवायची गरजच नाही. तो गोपनीय प्रत थेट डीजीटीआरला पाठवू शकतो. तुम्ही फक्त मुदतीच्या तारखेसाठी त्याच्या मागे लागा.

दलालपुत्र: अपील जिंकलं तर आधी भरलेली ड्युटी परत मिळते का, यावर कुणाकडे नक्की निकाल आहे का? आमचा वकील एक सांगतो, सीए दुसरं.