अनुभव धागा: पहिला घाणा कुरकुरीत, तिसरा लिबलिबीत

झडीतली_सुमी: कालपासून झड लागली आहे. समोरच्या ठेल्यावरून कांदाभज्यांचा वास आला आणि बहिणीला पाहायला पाहुणे आले होते तो दिवस आठवला. बारा माणसं. मी हुशारी करून दुपारीच दोन किलो कांदा चिरून, मीठ-तिखट-बेसन घालून गंजात कालवून ठेवला. पहिला घाणा काय सुरेख! तिसऱ्यापर्यंत पीठ आमटीसारखं. मी बेसन ओतत गेले, ते पुन्हा सैल. शेवटी मुलाकडच्या आजी म्हणाल्या, "पिठलं छान तळलंस, कांदा कुठाय?" लग्न झालं हो, पण आजी अजून चिडवतात. तुमचे किस्से सांगा.

महालवाली: 😂😂 आजी भारी

खमंग७: चिमूटभर सोडा घालायचा ना ताई. माझे नेहमी कुरकुरीत होतात.

ठेल्यावरची_सून: सोड्याने फुलतात, कुरकुरीत नाही होत. जाळी पडते आणि तेल पितात. सासऱ्यांच्या ठेल्यावर मी अकरा वर्षं भजे काढले, तिथे सोडा फक्त आलूभज्याला, तोही किंचित.

सुमीताई, तुझी चूक दुपारी मीठ लावण्याची. मिठाने कांद्याला पाणी सुटतच राहतं, ते थांबत नाही. म्हणून जेवढं एका वेळी तळायचं तेवढंच कालवायचं. अर्धा किलो कांदा उभा पातळ चिरून, पाकळ्या मोकळ्या करून लहान चमचा मीठ चोळायचं आणि पंधरा मिनिटं ठेवायचं. मुठीत दाबला की ओल हाताला लागली पाहिजे. मग बेसन भुरभुरत घालायचं, साधारण सव्वा वाटी, पण वाटी मोजू नको, कांदा पाहा. प्रत्येक पाकळीला पातळ लेप बसला आणि पाकळी अजून दिसते आहे, तिथे थांब. पाण्याचा थेंब नाही. फारच कोरडं वाटलं तर हात ओला करून एकदा फिरव. पीठ जाड झालं की आतली वाफ बाहेर पडत नाही, आणि तीच वाफ पाच मिनिटांत वरचा पापुद्रा मऊ करते.

खमंग७: बरं बाई 🙏 माझे पाच मिनिटं टिकतच नाहीत, पोरं उभ्यानेच संपवतात.

इतवारीकर: तांदळाचं पीठ विसरले सगळे. मी निम्मं-निम्मं घालतो. एकदम कडक!

ठेल्यावरची_सून: भाऊ, कडक आणि कुरकुरीत वेगळं. सव्वा वाटी बेसनाला दोन मोठे चमचे पुरे. निम्मं घातलं की गरम असताना छान लागतं, गार झालं की दाताला खडा लागल्यासारखं. आणि रंगही फिका येतो.

इतवारीकर: आमच्या घरी तर आवडतात बा. दात मजबूत आहेत 😄

पुण्याची_पाहुणी: मागच्या वर्षी नागपुरात जावेकडे होते. ती म्हणाली, भज्यात सांभार टाक. मी फ्रीजमध्ये इडलीचं सांबार शोधत बसले.

महालवाली: अगं कोथिंबीर! प्रत्येकीचं होतं हे 🤣



नवीन_संसार: माझे तर पहिल्या घाण्यापासूनच तेलकट. पीठ घट्टच असतं, पाणी घालत नाही. फल्लीचं तेल वापरते. तेल बदलू का?

ठेल्यावरची_सून: तेल नको बदलू. एका वेळी किती सोडतेस?

नवीन_संसार: कढई भरून 🙈 गॅस वाचतो ना

ठेल्यावरची_सून: तिथेच घोळ आहे. एवढा ओला कांदा एकदम पडला की तेल थंड होतं, बुडबुडे मंदावतात आणि भजं तळण्याऐवजी भिजतं. पिठाचा थेंब टाकून पाहा. तळाशी बसून राहिला तर तेल थंड, पडताच लाल झाला तर जास्त तापलं. किंचित बुडून बुडबुड्यांसकट वर आला की सोड. सात-आठच सोड, मोकळे पसरून. सोडताना आच मोठी, मग मध्यम. बुडबुडे कमी झाले आणि झाऱ्यावर खडखड वाजलं की काढ. पुढच्या घाण्याआधी तेल पुन्हा तापू दे.

नवीन_संसार: काकू, आज संध्याकाळीच करते.

झडीतली_सुमी: आणि कडक तेलाचं मोहन? आई घालायची.

ठेल्यावरची_सून: आम्ही नाही घालत. कांद्याला गरज वाटली नाही कधी. सासूबाई मात्र मूगभज्यात घालायच्या, त्यावरून घरात भांडण आहे.

महालवाली: काढल्यावर डब्यात झाकू नका गं. मी ऑफिसला नेले, झाकण उघडलं तर आतून पाणी गळत होतं. चाळणीवर ठेवायचे, कागदावर ढीग नको.

इतवारीकर: कढीसोबत कोणी खातं का भजे? की आमच्याच घरी?

पुण्याची_पाहुणी: कढीत बुडवणार तर कुरकुरीत कशाला करायचे मग 🤔

इतवारीकर: बुडवायचे नाहीत ना बे, बाजूला वाटी असते!

नवीन_संसार: सात-सात सोडून झाले. सासरे म्हणाले, "आज बाहेरून आणले काय?" सहावा घाणा मात्र थोडा मऊ. कांदा संपता संपता तळाशी पाणी साचलं होतं.

ठेल्यावरची_सून: तो तळाचा कांदा मुठीत दाबून घे, चमचाभर तांदळाचं पीठ भुरभुर आणि लगेच सोड. ठेवला की गेला.