शनिवारचा उत्सव : स्वयंसेवकांनी हे वाचल्याशिवाय अंगठा टाकू नका

संयोजक (बी-402): मंडळी, नमस्कार. हजेरी दुपारी 4 ला, गेट 5 ला उघडेल, रात्री 10 ला माईक बंद. पाळ्या दोन : 4 ते 7.15 आणि 7 ते 10.30. मधली 15 मिनिटं दोन्ही पाळ्या मुद्दाम एकत्र ठेवल्या आहेत. पहिल्याने दुसऱ्याला जागेवर उभं राहून सगळं दाखवायचं आणि मगच निघायचं. "फोनवर सांगितलं होतं" हे चालणार नाही.

कामं चार : गेट, रंगमंच, फिरते आणि टेबल. टेबल म्हणजे क्लब हाऊसच्या दारातलं. प्रथमोपचार पेटी, मैदानाचा नकाशा आणि सगळे नंबर तिथेच. नकाशावर मैदानाचे सहा चौकोन पाडलेत, त्यांचे आकडे खांबांवर चिकटवले आहेत. फिरते नेहमी जोडीने.

डी-105: जोडीने कशाला? आधीच माणसं कमी आहेत.

संयोजक (बी-402): काही घडलं तर एकजण तिथे थांबेल, दुसरा टेबलाकडे पळेल. एकटा असला की एकतर आजारी माणूस एकटा पडतो किंवा निरोप पोहोचत नाही. गर्दीत नेटवर्क गेलं तर पाय हाच आपला फोन.

ए-103: पण माणूस डोळ्यांसमोर कोसळला आणि आम्ही टेबलाच्या परवानगीची वाट बघायची?

संयोजक (बी-402): परवानगी नाही हो काका, निरोप. समजा रात्री 8 ला चौकोन 3 मध्ये एक गृहस्थ पडले. जोडीतला पहिला गुडघ्यावर बसून हाक मारेल, खांदे हलवेल, श्वास बघेल. दुसरा टेबलाला तीनच गोष्टी सांगेल : चौकोन 3, शुद्धीवर आहेत की नाही, श्वास चालू आहे की नाही. टेबल 112 लावेल आणि गेटला कळवेल. गेटवाल्यांपैकी एकजण बाहेर मुख्य रस्त्यावर जाऊन उभा राहील, कारण अँब्युलन्स सोसायटीपर्यंत येते आणि मग कुठल्या गेटने शिरायचं यातच वेळ जातो. रंगमंचावरचा स्वयंसेवक गाणं थांबवून लोकांना शांतपणे मागे सरकवेल. "काय झालं" हे माईकवर सांगायचं नाही, नाहीतर सगळे बघायला पुढे येतील.

फोन टेबलावरूनच, कारण पाचजणांनी लावला तर पाच पत्ते दिले जातात आणि कुणीच लावला नाही तर प्रत्येकाला वाटतं की दुसऱ्याने लावला. टेबलाशी लगेच संपर्क झाला नाही तर मात्र थांबू नका. स्वतः 112 लावा आणि मग टेबलाला कळवा.

सी-201 (डॉक्टर): माझी भर. हाकेला ओ नाही आणि श्वास नाही, किंवा थांबून थांबून आचके येत आहेत, तर त्याला श्वास समजू नका. लगेच छातीच्या मध्यभागी दाब द्यायला लागा. मिनिटाला 100 ते 120, खोली 5 ते 6 सेंटीमीटर. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण थकलेल्या हातांचा दाब उथळ पडतो आणि ते आपल्याला कळतही नाही. तोंडात पाणी घालू नका, उठवून बसवू नका. हे आपल्याकडे हमखास होतं.

ए-103: समजलं. आणि लहान मूल हरवलं तर माईकवर नाव पुकारायचं ना?

संयोजक (बी-402): नाही! नाव आणि कपड्यांचा रंग माईकवर गेला की कुणीही येऊन "हे माझं" म्हणू शकतं. सापडलेलं मूल टेबलावर आणा, सोबत दोन स्वयंसेवक राहतील. माईकवर एवढंच : "पालकांनी क्लब हाऊसच्या टेबलाशी यावं." आलेल्याने आधी नाव, वय, कपडे स्वतः सांगायचे, आपण सुचवायचं नाही. मूल बिचकलं किंवा माहिती जुळली नाही तर सोपवायचं नाही, मग समोरचा कितीही चिडो. उलट, पालक येऊन मूल हरवल्याचं म्हणाले तर पहिला निरोप गेटला : कुठलंही लहान मूल बाहेर जाताना दिसलं तर सोबतच्याला थांबवून विचारा.

सी-308: गेटपासून रंगमंचापर्यंतच्या पट्ट्यात खुर्च्या ठेवू का? उजवीकडे जागा मोकळीच असते.

संयोजक (बी-402): ताई, तीच जागा अँब्युलन्सची. 4 मीटरचा पट्टा चुन्याने आखलाय. कुणी मुद्दाम अडवत नाही, पण मागच्या रांगेतला प्रत्येकजण नीट दिसावं म्हणून खुर्ची वीतभर सरकवतो आणि तासाभरात रस्ता गायब. म्हणून फिरत्यांनी दर अर्ध्या तासाने बघायचं. चुना दिसेनासा झाला की खुर्च्या मागे.

टेबल, गेट, डॉक्टर ताई आणि इलेक्ट्रिशियन यांचे नंबर उद्या इथे पिन करतो. ते कागदावरही लिहून खिशात ठेवा, 9 वाजेपर्यंत निम्म्यांची बॅटरी संपलेली असते. आता पाळी सांगा, आधी रिकाम्या जागा : दुसऱ्या पाळीत गेटला दोन.

डी-105: गेट, दुसरी पाळी. मी आणि धाकटा भाऊ.