मदत हवी आहे: खुबा बदलल्यानंतर पुन्हा एकाच पलंगावर झोपायचंय

आम्ही गिरगावात चाळीत राहतो. मी ७१, हे ७६. यांचा डावा खुबा बदलून चार महिने झाले. काटकोनापलीकडे वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना गुडघ्यांमध्ये उशी, सगळं पाळलं. तपासणीही ठीक आली. तरी हे अजून भाड्याच्या उंच खाटेवर, मी खाली गादीवर. रात्री कठड्यातून हात खाली सोडतात, तो धरून झोप लागते.

जुन्या दिवाणाला विटा लावून उंची वाढवली, पण कापूस दबलेल्या गादीत उशी सरकते आणि यांचा पाय आत वळतो. डॉक्टरांकडे मुलगा सोबत असतो, त्याच्यासमोर जीभ रेटत नाही. (नुसतं शेजारी झोपण्यापुरतं विचारायचं नाहीये, समजून घ्या.)

मी ऑपरेशनच्या बाजूला झोपावं की दुसऱ्या? आणि डॉक्टरांकडे हा विषय तुम्ही कसा काढलात?