अडकलेला फोटो पुन्हा पाठवताना

"फोटो ९९ टक्क्यांवर अडकून बसतो. परत पाठवला तर ग्रुपवर दोनदा दिसेल का?"

परत कुठून पाठवता, त्यावर आहे. पट्टी चाळीसवर थांबली असेल तर फोटो पुरता गेलेलाच नसतो, तिथे काळजी कमी. अगदी शेवटी थांबली, तर फोटो सर्व्हरवर पोचलेला आणि फक्त पोच परत यायची राहिलेली, असंही असू शकतं.

माझं तसंच झालं. फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या, तेव्हाची गोष्ट. ठाण्याहून डोंबिवलीला जाताना फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यात शिरली आणि सोसायटीच्या गळक्या टाकीचा फोटो अडकला. घाईत मी तो गॅलरीतून पुन्हा निवडला. बोगद्याबाहेर रेंज आली आणि ग्रुपवर तीच टाकी दोनदा.

गॅलरीतून निवडलं की ॲप त्याला नवा संदेश समजून नवा क्रमांक देतं. अडकलेल्या फोटोवरच्याच 'पुन्हा पाठवा'वर दाबलं, तर नीट बनवलेलं ॲप जुनाच क्रमांक पाठवतं आणि सर्व्हर दुसरी प्रत ठेवत नाही. सगळीच ॲप्स इतकी नीट नसतात, म्हणून आधी ग्रुपमधल्या कुणाला तरी "दिसला का?" एवढं विचारा. फुलीवर दाबून रद्द केलंत, तरी पोचलेला फोटो मागे येईलच असं नाही.