विषय: नदीस्वच्छता संस्थेत इंटर्नशिपसाठी अर्जाचं पत्र, कृपया वाचून सांगाल का?

केतकी:

मंडळातल्या सगळ्यांना नमस्कार. पर्यावरणशास्त्रात नुकतीच पदवी घेतली आहे आणि एका नदीस्वच्छता संस्थेत इंटर्नशिपसाठी अर्ज करायचा आहे. पत्रातला प्रकल्पाचा परिच्छेद काही केल्या जमत नाहीये. आत्ता तो असा आहे:

"शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी नदीकाठचा 100 मीटरचा पट्टा स्वच्छ केला. चार रविवारी मिळून 412 किलो कचरा काढला. त्यानंतर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 11 मिलिग्रॅम आढळला. यावरून नदीचं आरोग्य सुधारल्याचं सिद्ध होतं."

कुठे कमी पडतंय?

श्रीकांतकाका:

केतकी, मी बरीच वर्षं नोकरभरतीत घालवली आहेत, म्हणून सांगतो. पत्र एका पानाच्या पुढे जाऊ देऊ नकोस आणि आकडा पहिल्याच ओळीत येऊ दे. "412 किलो" वाचल्यावर माणूस थांबतो. ऑक्सिजनचा आकडाही उत्तम आहे, जास्त म्हणजे चांगलाच. तोही वर घे.

वृंदाताई:

काका, आकडा लवकर यावा हे मान्य. पण हाच आकडा का?

केतकी, मी नदीस्वच्छतेच्या कामात आहे आणि असे अर्ज वाचतेही. किलो दिसले की पहिला प्रश्न मनात येतो: वजन ओलं की वाळवून? चिखल भरलेला एक टायर हजार रॅपरांना भारी पडतो. तेव्हा एवढं सांग. त्या 412 किलोत काय काय होतं? ऑक्सिजन किती वाजता मोजलास आणि पाण्याचं तापमान किती होतं? आणि सफाईनंतर त्या पट्ट्यावर पुन्हा गेला होतात का?

अनिल:

छान उपक्रम! आम्ही येतो, दोन्ही मुलांनाही आणतो. कुठल्या रविवारी आहे? हातमोजे तुम्ही देणार की आपापले आणायचे?

केतकी:

अनिलदादा, उपक्रम नाही हो, माझ्या अर्जाबद्दल विचारलं होतं. तरी हातमोज्यांचं सांगते: बागकामाचे जाड आणा. पातळ रबरी मोजे काचेच्या तुकड्याने लगेच फाटतात, आमचे पहिल्याच दिवशी फाटले.

वृंदाताई, वजन ओलंच होतं. दोन टायर आणि पाणी प्यालेली एक गादी, यांचेच निम्म्याहून जास्त भरले. ऑक्सिजन दुपारी साडेतीनला मोजला, पाणी 26 अंशांवर होतं.

पुन्हा गेलो होतो, पण ते पत्रात घातलं नाही, कारण कचरा परत आला होता. पट्ट्याचे 20 मीटरचे पाच भाग पाडून आम्ही अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठे सगळे तुकडे मोजायचो. सफाईआधी 1,260 होते आणि नंतर 90 उरले. पंधरा दिवसांनी मोजले तर 480! पावसाळी नाल्याचं तोंड दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाच्या मध्ये येतं. 480 पैकी वरच्या दोन भागांत मिळून 61 होते आणि एकट्या तिसऱ्या भागात 300.

वृंदाताई:

अगं, तुझं पत्र हेच आहे! जे झाकून ठेवलंस तेच आम्हाला हवं असतं.

आधी ऑक्सिजन. 26 अंशांच्या गोड्या पाण्यात हवेतून मुरून साधारण 8.1 मिलिग्रॅम मावतो. तुला 11 मिळाला, म्हणजे जास्तीचा ऑक्सिजन पाण्यातच तयार होत होता. भर उन्हात शेवाळ तो सोडतं. रात्री तेच शेवाळ श्वासासाठी ऑक्सिजन वापरतं, त्यामुळे पहाटे त्याच जागी आकडा फार खाली गेलेला असू शकतो. दुपारचं एकच वाचन पाहून नदी निरोगी आहे असं म्हणता येत नाही. शेवाळ फार माजलंय की काय, अशी शंकाच जास्त येते. शिवाय काठावरची रॅपर उचलून ऑक्सिजन वाढत नाही. तो खातात सांडपाण्यासारखी कुजणारी द्रव्यं, आणि त्यांना तुम्ही हातही लावला नव्हता. ते वाक्य काढून टाक.

आता मोजणी. पंधरा दिवसांत 390 तुकडे वाढले, म्हणजे दिवसाला 26. पण हा किमान आकडा समज. मधल्या काळात पाणी चढलं असेल तर आलेलं काही वाहूनही गेलं असणार. काठावर जे दिसतं तो उरलेला साठा असतो, नदीतून एकूण किती गेलं ते त्यावरून कळत नाही. आणखी एक: दोन्ही वेळी मोजणारी माणसं तीच होती का? नवखा माणूस गवतात अडकलेले तुकडे हमखास सोडतो.

केतकी:

माणसं तीच होती, भागही वाटून दिलेले होते. मधे एकदा जोराचा पाऊस झाला होता. मग "कचरा नाल्यातून येतो" असं लिहू का?

वृंदाताई:

इथे मी थोडी कचरते. तिसरा भाग नदीच्या वळणावर आहे का? वळणाच्या आतल्या बाजूला प्रवाह मंदावतो आणि वरून वाहत आलेलं सगळं तिथे टेकतं. तसं असेल तर नाला निर्दोष असूनही आकडे असेच दिसतील.

केतकी:

आत्ता फोटो काढून पाहिले. वळण आहे आणि तिसरा भाग आतल्याच बाजूला येतो. हे आमच्या कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. परिच्छेद नव्याने लिहिला आहे:

"आम्ही चौघांनी नदीकाठच्या 100 मीटर पट्ट्यावर सफाईआधी, सफाईनंतर आणि पुन्हा पंधरा दिवसांनी कचऱ्याचे तुकडे मोजले. 1,260 वरून संख्या 90 वर आली आणि पंधरा दिवसांत 480 झाली. त्यातले 300 तुकडे पावसाळी नाल्याच्या तोंडाखालच्या 20 मीटरमध्ये होते. हा भाग वळणाच्या आतल्या बाजूला असल्याने कचरा नाल्यातून येतो की वरून वाहत येऊन तिथे साचतो, हे आमच्या मोजणीतून ठरत नाही. ते ठरवण्यासाठी नाल्याच्या तोंडाशी जाळी लावून पावसाआधी आणि पावसानंतर त्यात अडकलेला कचरा मोजावा लागेल. तुमच्याकडे मला हे काम करायला आवडेल."

श्रीकांतकाका:

लेखन पहिल्यापेक्षा कितीतरी स्वच्छ झालंय. ऑक्सिजनचं माझं चुकलं, वृंदाताई. पण एक गोष्ट अजून खटकते. चाळणी लावणारा माणूस पत्राला अर्धा मिनिट देतो. त्याला "90 चे 480 झाले" एवढंच दिसलं तर तो अपयश समजून पत्र बाजूला ठेवेल. 412 किलो निदान शेवटी तरी ठेव.

वृंदाताई:

काका, चाळणी कोण लावतं यावर ते आहे. मोठ्या संस्थेत भरतीचा वेगळा विभाग असेल तर तुमचं म्हणणं खरं ठरू शकतं. ठेवायचंच तर "ओलं वजन, निम्म्याहून अधिक दोन टायर आणि एक गादी" असं सरळ लिहून ठेव, केतकी. माझ्या हाती आलं तर मी त्या ओळीलाही गुण देईन. आणि जाळीचं लिहिलंयस तर मुलाखतीत विचारतील, की जोराच्या पावसात ती तुंबून नाल्याचं पाणी मागे फुगलं तर काय करशील? त्याचं उत्तर तयार ठेव.

केतकी:

वजनाची ओळ तशीच लिहून ठेवते. जाळीला वरून सांडवा ठेवता येईल असं वाटतंय, म्हणजे जास्तीचं पाणी वरून निघून जाईल. पण तेव्हा तरंगता कचराही वरूनच जाईल आणि मोजणी कमी भरेल. यावर काही मार्ग असेल तर सांगा, अर्ज गुरुवारी पाठवायचा आहे.