'मिरॅकल'ला सगळीकडे 'चमत्कार' चालेल का?

रेवती: तौलनिक धर्माच्या अभ्यासक्रमाची टिपणं मराठीत करतेय. ज्ञानेश्वरांनी चालवलेली भिंत आणि मदर तेरेसांच्या नावे व्हॅटिकनने मान्य केलेला बरा झालेला आजार, दोन्हीकडे 'चमत्कार' लिहिलं. सरांनी खाली लाल रेघ मारली. दुसरं काय लिहू?

टिवल्याबावल्या: 'करामत' लिही. कर म्हणजे हात, हाताने केली ती करामत. अस्सल संस्कृत!

पेठकर: हात कसला, शब्द अरबी आहे. सुफी परंपरेत वलीची ती करामत, पैगंबरांचा तो मोजिजा. मोजिजा चारचौघांत दाखवायचा, करामत वलीने होईल तितकी झाकायची. मराठीत येईतो ती खोडकर पोरांची झाली.

रेवती, खरी अडचण वेळेची आहे. आपल्या संतांचे चमत्कार हयातीतले. कॅथलिक चौकशीत मृत्यूनंतरचेच मोजतात. कुणी त्या व्यक्तीला साकडं घालतो, आजार जातो, आणि ती व्यक्ती देवापाशी असल्याचा तो पुरावा ठरतो. आधी डॉक्टरांचं मंडळ बघतं: आजार झटक्यात, पूर्ण आणि कायमचा गेला का? ते 'चमत्कार' म्हणतच नाहीत, 'वैद्यकाला उलगडत नाही' एवढंच सांगतात. तो कुणाच्या मध्यस्थीने गेला, हे पुढे धर्मशास्त्री ठरवतात. 'धन्य' घोषित व्हायला असा एक लागतो, संतपदासाठी त्यानंतर घडलेला आणखी एक.

सुमाताई: माझ्या भाच्याचा ताप शिर्डीच्या उदीने उतरला. तो कशात धरायचा?

पेठकर: औषध चालू होतं का? असेल तर तिथे अडकेल. मदर तेरेसांच्या पहिल्या प्रकरणात हाच वाद झाला. बंगालमधल्या एका बाईंच्या पोटातली गाठ गेली. उपचार करणारे डॉक्टर म्हणाले, औषधांनी गेली. चर्चने ते मानलं नाही, आणि 2003 मध्ये मदर 'धन्य' झाल्या.

वसईवाला: आमच्या गोन्सालो गार्सियांना 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मारलं. हुतात्म्याला चमत्काराची अट नाहीच.

पेठकर: आजच्या नियमात ती माफी 'धन्य' होण्यापुरतीच. संतपदासाठी एक लागतोच. पोपना मात्र सूट देता येते. बाणावलीचे जुझे वाझ 2015 मध्ये दुसऱ्या चमत्काराशिवायच संत झाले.

शुद्धमती: मग व्हॅटिकनवाल्याला 'प्रचिती' म्हणा की! छान मराठी शब्द आहे.

वसईवाला: प्रचिती ज्याची त्याला येते, तिला डॉक्टरांचा दाखला कशाला? आमच्या चर्चमध्ये मराठीत 'चमत्कार'च म्हणतात. भाषा आमचीही आहे.

शुद्धमती: चर्चमध्ये म्हणतात म्हणून परीक्षेत चालेल असं नाही.

टिवल्याबावल्या: 'सेंट' हा तरी 'संत'वरूनच गेला ना?

पेठकर: नाही हो! तो लॅटिन 'सांक्तुस'वरून, पवित्र केलेला. आपला 'सत्'वरून. नुसता ध्वनी जुळतो. शिवाय तुकोबांना संत कुठल्या कचेरीने ठरवलं? लोकांनीच.

रेवती: पण मी लिहू काय? सोमवारी द्यायचंय.

सुमाताई: औषध नव्हतं, फक्त क्रोसिन.