'उद्याची चिंता करू नका' म्हणजे मुलांसाठी बचतही करू नका?

प्रश्नकर्ती: आमच्या प्रार्थनेच्या ग्रुपमधल्या एका जोडप्याने बायबलमधला मत्तय ६ वाचून मुलांच्या शिक्षणासाठीची आरडी मोडली. "पाखरं पेरत नाहीत, कोठारात साठवत नाहीत, तरी देव त्यांना खायला घालतो," असं म्हणतात. मला हे पटत नाही, पण वचन तर तसंच लिहिलंय. तुम्ही कसं वाचता?

निशिगंध: माझं स्पष्ट मत, ही शिकवणच घातक आहे. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, दुसरं काय? ज्याच्या घरात पोरं आहेत त्याला रानातल्या फुलांकडे बघ म्हणणं सोपं असतं हो, पण फी फुलं भरत नाहीत आणि पाखरंही नाहीत. गरिबाला तर हे सांगूच नये, तो आधीच सगळं नशिबावर सोडून बसलेला असतो.

वसईवाला: निशिगंधताई, गरिबाला सांगू नये म्हणताय, पण येशूसमोर बसलेले लोक गरीबच होते. गालीलातले कोळी, शेतमजूर, रोजंदारीवाले. मत्तय २० मधल्या द्राक्षमळ्याच्या गोष्टीत बघा, माणसं बाजारात उभी आहेत, कुणी कामाला नेलं तर दिवसाचा एक दिनार मिळणार, नाही नेलं तर घरी काय न्यायचं हा प्रश्न. म्हणून तर मत्तय ६ मधलीच प्रार्थना "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" अशी आहे, वर्षाची नाही.

आणि वचन २५ तोडून वाचू नका, त्याची सुरुवातच "म्हणून" अशी आहे. कशावरून म्हणून? तर २४ वरून, एकाला दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, देवाची आणि धनाची. म्हणजे मुद्दा काम करावं की नाही हा नाहीच, तुमच्यावर हुकूम कोणाचा चालतो हा आहे. पाखरं पेरत नाहीत, फुलं कातत नाहीत, यातली पेरणी बाप्याची आणि कातणं बाईचं, म्हणजे घरातल्या दोघांचीही कामं तो नाव घेऊन सांगतो पण ती सोडा असं कुठेच म्हणत नाही. तो म्हणतो की जे पेरतही नाहीत त्यांची सोय होते तर पेरणाऱ्या तुमची का नाही होणार.

तुमच्या त्या जोडप्याचं भांडण फार जुनं आहे बरं का. साधारण इ.स. ४०० च्या सुमाराला कार्थेजमध्ये, म्हणजे आजच्या ट्युनिसच्या जवळ, काही मठवासी नेमकं हेच वचन पुढे करून काम करायला नकार देत होते. आम्ही पाखरांसारखे जगतो म्हणायचे आणि लोकांच्या दानावर राहायचे, दुसरे मठवासी मात्र पौलासारखं हाताने कमवून खायचे. वाद इतका पेटला की साध्या विश्वासणाऱ्यांमध्येही दोन तट पडले, शेवटी तिथल्या ऑरेलियस बिशपांनी धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीनला लिहायला सांगितलं. त्याचं उत्तर मला अजून बिनतोड वाटतं. तो म्हणतो, पाखरांसारखं जगायचंय ना, मग धान्य दळता कशाला, शिजवता कशाला, उद्यासाठी ठेवता कशाला? पाखरं यातलं काहीच करत नाहीत. हात रिकामे आणि कोठार भरलेलं, असं पाखरू कुठे असतं? पण त्याने सगळ्यांना एकाच मापाने मोजलं नाही, आजारी माणसाला सूट दिली, श्रीमंत घरातून आलेल्या आणि कष्टाची सवय नसलेल्यांशीही तो नरमाईने वागला. राग कोणावर, तर जे आधी शेतात राबायचे आणि मठात येऊन आराम करायला लागले त्यांच्यावर. दुसऱ्या एका ठिकाणी तो हेही दाखवतो की खुद्द येशूच्या मंडळीची पैशाची थैली होती आणि दुष्काळ येणार कळल्यावर अंत्युखियाच्या मंडळीने आधीच मदत गोळा केली. म्हणजे उद्याची तजवीज झाली, पाप झालं नाही.

अभ्यासू_पुणे: तुम्ही सगळे एक गोष्ट विसरताय, येशूला वाटत होतं की जगाचा शेवट आता होणार. धर्मशास्त्रज्ञ श्वाइट्झरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे मांडलंय, की हे सगळं मधल्या थोड्या काळापुरतं नीतिशास्त्र आहे. उद्याच नाहीये तर उद्याची चिंता कोण करेल? त्यामुळे आज हे वचन लागूच होत नाही, विषय संपला.

वसईवाला: अर्धं बरोबर आहे. ३३ मध्ये "पहिल्याने त्याचे राज्य मिळवा" असं आहेच, राज्य जवळ आलंय ही घाई पूर्ण उपदेशात जाणवते. पण या परिच्छेदातला युक्तिवाद शेवटावर उभा नाहीये, तो पाखरांवर आणि गवतावर उभा आहे, जी दरवर्षी येतात जातात. आणि "ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे" हे ज्याला उद्या नाही त्याला कोण सांगेल?

मोगरा_७: मला वेगळं विचारायचंय. माझं अँक्झायटीचं औषध चालू आहे. एका वडीलधाऱ्या भावांनी हेच वचन दाखवून सांगितलं की चिंता म्हणजे अविश्वास, गोळ्या बंद करा आणि प्रार्थना करा. तेव्हापासून रात्री आणखी त्रास होतो, कारण आता चिंतेचीच चिंता वाटते. वचनात "अल्पविश्वासी" शब्द आहे ना खरंच.

वसईवाला: ताई, गोळ्या बंद करू नका, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. शब्द आहे, खरंय. पण तो कुणाला म्हटलाय? स्वतःच्या शिष्यांना, आणि त्यांना त्याने हाकललं नाही. वचनातली चिंता काय खावं काय ल्यावं याची आहे, छातीतल्या धडधडीच्या आजाराबद्दल तिथे एक अक्षर नाही. गेथशेमानेत येशू स्वतः "माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे" असं म्हणाला, त्याला तुमचे ते भाऊ अल्पविश्वासी म्हणतील का? पौलही करिंथकरांना लिहितो की सगळ्या मंडळ्यांची चिंता माझ्यावर रोज असते, आणि हे तो लाजून लिहीत नाही.

निशिगंध: हे मान्य. पण माझा मूळ प्रश्न तसाच राहिला. देव पाखरांना खायला घालतो म्हणता, पाखरं दुष्काळात मरतात. माणसंही मरतात, विश्वास असलेलीसुद्धा. मग हे वचन खोटं ठरत नाही का?

वसईवाला: यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच दिसतं की येशू हे लपवत नाही, आज आहे ते गवत उद्या भट्टीत टाकतात हे तोच म्हणतो, आणि पुढे दहाव्या अध्यायात चिमणी जमिनीवर पडते हेही. कुणीच उपाशी मरणार नाही अशी हमी मी यात वाचत नाही. लूकमध्ये हाच उपदेश येतो तो मोठी कोठारं बांधणाऱ्या श्रीमंत मूर्खाच्या गोष्टीनंतर लगेच, आणि शेवटी "जे तुमचे आहे ते विकून दानधर्म करा". म्हणजे ज्याचं कोठार भरलंय त्याने ते उघडायचं, आणि शेजाऱ्याला भाकर पोचायचा एक रस्ता तोच असतो.

पंडिता रमाबाईंकडे बघा. आईवडील दुष्काळात गेलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन मुली आणल्या, तेव्हा केडगावला जमीन होती, विहिरी खणलेल्या, झाडं लावलेली. विश्वास त्यांच्याएवढा कुणाचा, तरी विहीर आधी खणली.

निशिगंध: म्हणजे शेवटी विहिरीनेच भागलं. मला हेच म्हणायचंय.

वसईवाला: भागलं, पण घरच्यांपुरतं बघायचं असतं तर दुष्काळात एवढ्या मुली आणायची हिंमत कोणी केली नसती. बरं, मूळ धाग्यावर येऊ. त्या जोडप्याला विचारा की आरडीचे पैसे गेले कुठे. स्वतः खर्च केले आणि उद्या फी ग्रुपने भरावी अशी अपेक्षा असेल, तर ते कार्थेजच्या मठवाल्यांचंच झालं.

प्रश्नकर्ती: आजच विचारलं. धाकट्या भावाने सावकाराकडून घेतलेलं कर्ज होतं, जमीन जायला आली होती, त्यात सगळे पैसे दिले. आम्हाला कोणाला सांगितलं नव्हतं. दोघंही पूर्वीसारखेच कामावर जातात.

वसईवाला: मग मी त्यांना मठवाले म्हणणार नाही.

निशिगंध: मी अजूनही म्हणेन की मुलांना विचारायला हवं होतं, थोरली आता दहावीत असेल तर तिला कळतं. आणि सगळी आरडी मोडायची गरज होती का, अर्धी ठेवली असती तर भावाच्या कर्जाला हप्ते पाडून घेता आले असते. जूनच्या फीचं काय करणार आहेत ते विचाराल का?